आधी तक्ता, मग नोट्स

"सर, मी तासगावला बारावी सायन्सला आहे. बायोलॉजीच्या नोट्स काढायला बसलो की एकाच धड्यात आठवडा जातो. मित्र म्हणतो, जुने पेपर बघून जे जास्त येतं तेवढंच काढ. तसं केलं तर चालेल का?"

मित्राचं निम्मं बरोबर आहे. जुन्या पेपरांवरून काय आधी काढायचं ते कळतं, पण काय सोडायचं ते कळत नाही.

2023 पासूनचे फेब्रुवारी-मार्चचे पेपर घे, पुरवणी परीक्षेचेही घे. 2021 ला परीक्षाच झाली नाही आणि 2022 ला पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी होता. त्यामुळे त्या वर्षी एखादा मुद्दा आला नाही, यावरून काहीच ठरत नाही. त्याआधीचे पेपर तर जुन्या पुस्तकाचे.

आता 'वनस्पती आणि पाणी' हा एकच धडा घे. वहीच्या आडव्या पानावर डावीकडे मुद्दे लिही आणि प्रत्येक पेपरला एक रकाना दे. मुद्दा आला असेल तिथे बरोबरची खूण करू नकोस, किती गुणांना आला तो आकडा लिही. प्रश्नाचे शब्द बदलतात, तिथे फसायला होतं. 'ट्रान्सपिरेशन पुल म्हणजे काय' आणि 'कोहेजन-टेन्शन थिअरी स्पष्ट करा' हे दोन्ही एकाच ओळीत जातात. ते वेगळे मोजलेस तर मोठा मुद्दा दोन लहान तुकड्यांत फुटतो आणि यादीत खाली जातो.

समजा, सहा पेपरांत स्टोमॅटाची उघडझाप चारदा आली, कधी दोन गुणांना तर कधी तीनला. इम्बिबिशन दोनदा आलं, दोन्ही वेळा एका गुणाला. टर्गर प्रेशर एकदाच. आकड्यांप्रमाणे स्टोमॅटा पहिला आणि टर्गर शेवटी. पण गार्ड सेल पाणी घेऊन फुगतात तेव्हा स्टोमा उघडतो. टर्गर कळलं नसेल तर ते चार प्रश्न तू नुसते पाठ करणार. म्हणून ज्याच्यावर वरचा मुद्दा उभा आहे, तो क्रम मोडून आधी घ्यायचा.

चारदा आणि तीनदा यांतल्या फरकावर डोकं फोडू नकोस. इतक्या थोड्या पेपरांत तो योगायोगही असतो. वरचे, मधले, खालचे असे तीन गट पुरेत. वरच्या गटाचा सारांश गुणांच्या मापाने काढ: तीन गुणांच्या मुद्द्याला आकृती आणि पाच-सहा ओळी.

खालच्या गटाला प्रत्येकी एकच ओळ दे, पण द्यायचीच. सत्तर गुणांच्या पेपरात मोठ्या प्रश्नांना भरपूर पर्याय असतात. पहिल्या दोन प्रश्नांच्या अठरा गुणांना मात्र एकही पर्याय नसतो, आणि इम्बिबिशनसारखे मुद्दे तिथेच येतात.

हा तक्ता एका धड्याला तासाभरात व्हायला हवा. रंगीत पेनं काढून बसलास तर तोच आठवडा खाईल.