रजा 'टाकत' नसतात

प्रश्न : आमचे साहेब कडक आहेत. परवा ताप होता म्हणून सकाळी व्हॉट्सॲपवर 'सर, आज सुट्टी घेतोय 🤒🙏' असं पाठवलं, तर 'ही काय पद्धत झाली?' म्हणाले. रजेच्या मेसेजमध्ये इमोजी, व्हॉइस नोट कधी चालतात? आणि 'सुट्टी' लिहायचं की 'रजा'?

साहेब त्या तापलेल्या चेहऱ्यावर चिडले नसावेत. ते 'घेतोय'वर चिडले. मीही चिडलो असतो. हल्ली तर 'घेतोय'सुद्धा जुनं झालंय, आता 'रजा टाकली' म्हणतात. पेटीत पत्र टाकावं, विहिरीत दगड टाकावा, तशी रजा टाकतात! टाकायचा असतो तो अर्ज. रजा मिळते. मिळालीच तर.

कारण शब्दातच आहे. रजा मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आली, आणि तिचा मूळ अर्थ घरी बसणं नाही. संमती, खुशी असा आहे. 'बरंय, रजा घेतो' असं म्हणून जुनी माणसं उठायची, तेव्हा ती सुट्टीवर चाललेली नसायची. यजमानाची परवानगी मागत असायची. याच धातूचा सख्खा भाऊ म्हणजे 'राजी'. राजी नसलेला तो 'नाराज'. आणि आता गंमत बघा : 'राजीनामा'सुद्धा याच घरातला. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा कागद. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड. नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमीन सोडणारा 'राजीनामा' लिहून द्यायचा आणि नवा कसणारा 'कबुलायत'. सोडायला मी राजी आहे, एवढाच त्याचा अर्थ. जमीन सोडण्यावरून तो नोकरी सोडण्यावर आला असावा, असं मला वाटतं. म्हणजे एक दिवस घरी राहायचं तर साहेबांनी राजी व्हायचं, आणि कायमचं घरी राहायचं तर आपण. एकाच शब्दाची दोन टोकं!

सुट्टीचं कूळ वेगळं. ती 'सुटणे'वरून. शाळा सुटते, गाडी सुटते, पोट सुटतं. यातलं काहीही कुणाला विचारून होत नाही. म्हणून रविवारची सुट्टी, गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. ती कॅलेंडर देतं, सगळ्यांना सारखी देतं. रजा एकट्याची आणि मागून घ्यायची. तुम्ही 'सुट्टी घेतोय' लिहिलंत, साहेबांनी 'मी सुटलो' असं वाचलं. हा माझा सिद्धान्त आहे, कोशात सापडणार नाही, पण गेली कित्येक वर्षं मी तो तपासून पाहतोय आणि तो चुकलेला नाही.

आमच्या कट्ट्यावरचे एक भाषाशुद्धीवाले काका यावर म्हणतील, यावनी शब्द कशाला, 'अवकाश' लिहा. हिंदीत लिहितात, खुशाल लिहोत. मराठीत अवकाश म्हणजे एक तर मोकळी जागा, नाही तर 'अजून अवकाश आहे' मधला वेळ. 'मी उद्या अवकाशावर आहे' असं कळवलंत तर साहेब यान कधी सुटणार ते विचारतील. आणि सरकारनंसुद्धा आपल्या 1981 च्या नियमांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम असंच नाव दिलंय. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं त्याच नियमांत बजावलंय. म्हणजे सरकारलाही व्युत्पत्ती ठाऊक होती! त्यातच भर म्हणजे कॅज्युअल लीव्हचं आपण 'किरकोळ रजा' केलं. रजा किरकोळ असेल, मागणं किरकोळ नसतं.

हां, तुम्ही इमोजींबद्दल विचारलं होतंत.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला. त्यानं अशाच तापात मॅनेजरला व्हॉइस नोट पाठवली, एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांची. मी नंतर ऐकली. सुरुवातीला खोकला, मग कुकरच्या दोन शिट्ट्या, मग रात्री झोप कशी लागली नाही ते, आणि 'आज येत नाही' हे शब्द एक मिनिटानंतर. मॅनेजर मीटिंगमध्ये. त्यांना दिसलं काय, तर माइकचं चिन्ह आणि 1:47. त्यांनी ते ऐकलं बारा वाजता. तोपर्यंत हा न सांगता गैरहजर, कारण कुणी राजी झालेलंच नव्हतं! महिनाअखेरीला रजेचा हिशेब लागेना, तेव्हा तारीख शोधायला तीच नोट पुन्हा शिट्ट्यांसकट ऐकावी लागली. लिहिलेलं डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचता येतं, शोधता येतं, एचआरला पुढे पाठवता येतं. आवाजाचं तसं नाही.

पुढच्या वेळी मी त्याला दोन मेसेज लिहायला लावले. टीम लीड त्याच्याच वयाचा, त्याला : 'अरे, ताप आलाय 🤒 तीनचा कॉल तू घेशील का?' इथं तो चेहरा शोभतो, कारण इथं रजा मागितलेलीच नाही, मदत मागितली आहे. तो 'हो' म्हणाल्यावर मॅनेजरना : 'सर, नमस्कार. रात्रीपासून 102 ताप आहे. आज, बुधवारी, एक दिवसाची रजा मिळावी, ही विनंती. तीनचा कॉल टीम लीड घेणार आहेत. अकरानंतर फोनवर आहे.' सगळं वजन त्या 'मिळावी'त आहे. 'घेतोय'मध्ये साहेबांना करण्यासारखं काही उरत नाही. 'मिळावी'त त्यांची जागा मोकळी राहते. दिवस, किती दिवस, कारण एका ओळीत आणि काम कुणाकडे, इतकं पुरे. शेवटी 'आपला विश्वासू' नको, ते इंग्रजी पत्राचं भाषांतर आहे. ताप लिहिल्यावर तापलेला चेहराही नको. एकच गोष्ट दोनदा सांगितली की संशयी माणसाला नाटक वाटतं. आणि हसरा चेहरा तर अजिबात नको. संमती यायच्या आधीच आपण खूश, हे बरं दिसत नाही.

🙏 बद्दल मात्र माझं मत मऊ आहे. तो म्हणजे आपला 'सा.न.वि.वि.'च, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, एका चित्रात मावलेला. कडक माणसाला पहिल्या मेसेजमध्ये अक्षरांत 'नमस्कार' लिहा. 'ठीक आहे' असं उत्तर आल्यावर 'धन्यवाद सर 🙏' बिनधास्त. एकदा. तीन-तीन हात जोडलेत तर ती विनवणी होते.

व्हॉइस नोटला एकच जागा मी मान्य करतो. आईला दवाखान्यात नेताय, टाइप करायला हात मोकळा नाही. तेव्हा दहा सेकंद बोला, आणि रिक्षातून उतरल्यावर तीच गोष्ट दोन ओळींत लिहा. 'रजा मंजूर व्हावी' हे त्या दोन ओळींत येऊ द्या. घडून गेलेल्या गैरहजेरीलाही संमती लागतेच.

साहेबांनी उलट नुसता 👍 पाठवला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात 2023 मध्ये एका न्यायाधीशांनी जवसाच्या व्यवहारात हाच अंगठा करारावरची सही म्हणून धरला. तिकडे मोठी बातमी झाली. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे खरेदीखतावर 'निशाणी डावा अंगठा' केव्हापासून चालतोय. तेव्हा साहेबांचा अंगठा आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि झोपा.