दावा कुठून सुरू होतो ते आधी बघ

टीव्हीवरच्या चर्चेचा व्हिडिओ बघून तपासायचे दावे टिपताना एक लक्षात ठेव: दावा क्वचितच एका वाक्यात सापडतो. समज, 14:32 ला प्रवक्ता म्हणतो, "तो निम्म्यावर आला." एवढंच टिपलंस तर तपासणार काय? मागे जा. 13:50 ला अँकरने बेरोजगारीच्या दराबद्दल विचारलेलं असतं, मधली चाळीसेक सेकंद नुसता गोंगाट. म्हणून नोंद 13:50 ते 14:36 अशी कर. शब्द जसेच्या तसे, आणि "तो" म्हणजे काय ते चौकोनी कंसात. कोणत्या वर्षाच्या तुलनेत निम्मा, हे प्रवक्ता बोललाच नसेल तर रकाना रिकामा ठेव. मनाने वर्ष भरू नकोस, मीही सुरुवातीला भरायचो. "यांनी देश बुडवला" हे मत, सोडून दे. वेळ मात्र पूर्ण व्हिडिओवरूनच घे, कापलेल्या क्लिपमध्ये ती जुळत नाही.