एकच स्टोरेज योजना चौघांत : पैसे वाचतात, पण कोणाच्या नावावर?

प्रश्न : मी आणि माझे पती गूगल वनचे १०० जीबी वेगवेगळे घेतो. आता कॉलेजातल्या मुलाचीही जागा भरली आहे. सासूबाईंना धरून चौघांनी एकच योजना घेतली तर परवडेल का? आणि एकमेकांचे फोटो, मेल दिसतील का?

उत्तर : दिसणार नाहीत. कुटुंब गटात वाटली जाते ती फक्त जागा. प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड स्वतःचाच राहतो. गट सांभाळणाऱ्याला कोणी किती जीबी वापरले एवढा आकडा दिसतो, आतल्या फाइली नाहीत. मात्र पैसे आणखी वाचवायला चौघांनी एकाच खात्यात लॉगिन करू नका. तिथे सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसतं, आणि नंतर ते वेगळं करणं फार जिकिरीचं होतं.

आता हिशोब. आधी प्रत्येकाने आपल्या खात्यातला स्टोरेजचा आकडा पाहावा. समजा तुमचे ७० जीबी भरलेत, पतींचे ४०, मुलाचे २२ आणि सासूबाईंचे ९. प्रत्येकाचे मोफत १५ जीबी आधी वापरले जातात, त्यापुढचंच सामायिक जागेत मोजलं जातं. म्हणजे तुमचे ५५, पतींचे २५, मुलाचे ७, सासूबाईंचं शून्य, एकूण ८७. शंभरात मावतं खरं, पण उरतात १३. चौघांची मिळून दरमहा ४ जीबी भर पडली तर तीन महिन्यांत पुन्हा हाच प्रश्न. २०० जीबीत मात्र ११३ उरतात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ. तेव्हा मुलासाठी तिसरी योजना घेण्यापेक्षा २०० जीबीची एकच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पतींनी वार्षिक पैसे भरले असतील तर ती मुदत संपत येईपर्यंत थांबा.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सामायिक जागेत प्रत्येकाचा वाटा बांधलेला नसतो. मुलाने व्हिडिओ चढवायला सुरुवात केली तर तो सगळ्यांची जागा खाऊ शकतो. म्हणून पहिले काही महिने मासिक पैसे भरा, दर महिन्याला कोणाचा आकडा किती वाढला ते पाहा आणि मगच वार्षिक योजनेकडे वळा.

दुसरं म्हणजे, पैसे भरणाऱ्याचं कार्ड बंद पडून योजना संपली, तर सगळे आपापल्या १५ जीबीवर येतात. फाइली लगेच जात नाहीत, पण ज्याचा वापर त्याहून जास्त आहे त्याचं नवं काही चढत नाही आणि जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं. ही स्थिती दोन वर्षं राहिली तर गूगल फाइली काढूनही टाकू शकतं. मुलगा पुढे गटातून बाहेर पडला तर त्याचंही हेच होईल, तेव्हा बाहेर पडण्याआधी त्याने स्वतःची योजना घ्यावी किंवा १५ जीबीवरचं उतरवून ठेवावं. नूतनीकरणाची तारीख पतींच्याही फोनवर टाकून ठेवा.