गमतीदार नाव आणि खरे नाव, दोन्हींनी सापडणारा संपर्क

प्रश्न: घरच्यांचे आणि मित्रांचे नंबर लाडाच्या, गमतीच्या नावांनी सेव्ह केले आहेत, पण ऐन वेळी नाव आठवत नाही. काय करावे?

उत्तर: गमतीचे नाव पहिल्या नावाच्या रकान्यात आणि खरे नाव आडनावाच्या रकान्यात लिहावे. समजा, धाकटा भाऊ सुहास ‘झोपाळू महाराज’ या नावाने हवा आहे. तर पहिल्या रकान्यात ‘झोपाळू महाराज’ आणि दुसऱ्यात ‘सुहास’ असे भरल्यास फोन वाजताना पूर्ण नाव दिसते आणि शोधताना ‘झोपा’ किंवा ‘सुहा’ यांपैकी काहीही टाइप केले तरी तो सापडतो. टोपणनावासाठी वेगळा रकानाही असतो, परंतु त्यातील नाव कॉल येताना सहसा दिसत नाही, म्हणजे गंमतच जाते.

खरी अडचण लिपीची असते. नाव देवनागरीत ठेवले आणि घाईत रोमन कीबोर्डवर Suhas टाइप केले, तर अनेक फोनांना ते ओळखता येत नाही. म्हणून खरे नाव आपण ज्या लिपीत शोधतो त्याच लिपीत लिहावे. इमोजी मात्र नावाच्या शेवटी ठेवावा, कारण तो सुरुवातीला असल्यास संपर्क अक्षरक्रमातून निसटून यादीच्या एका टोकाला जाऊन बसतो.

संपर्क कोणाला पाठवताना आपण ठेवलेले नावही सोबत जाते. मी एकदा ‘कटकट काका’ थेट काकूंनाच पाठवले होते. (त्यांनी ते नाव तत्काळ मंजूर केले.)