ओळखपत्र आणि एसटीचा पास एकदमच हरवला तर: आधी बोनाफाईड, मग बाकीचं

प्रश्न: मी जळगावला कॉलेजला आहे, गावाहून रोज एसटीने येतो. बसमध्ये पाकीट हरवलं, त्यात कॉलेजचं ओळखपत्र आणि एसटीचा पास दोन्ही होते. कॉलेजात सांगतात पोलिसांचा कागद आणा, पासच्या खिडकीवर सांगतात ओळखपत्र आणा. आधी काय करू आणि कोणाकोणाच्या सह्या लागतात?

उत्तर:

आधी कॉलेजातून बोनाफाईड काढा. नव्या ओळखपत्राची वाट बघत पास अडवून ठेवू नका. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात विद्यार्थी विभागाचं काम बघतो. "भाऊ, कार्ड हरपी गयं, आते काय करू?" असं म्हणत येणारी मुलं दरवर्षी खिडकीशी उभी असतात, आणि बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते. दोन खिडक्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मूल मधल्या मध्ये रोज पूर्ण तिकीट काढत राहतं.

खिडकीवर ओळखपत्र का मागतात ते समजून घेतलं की वाट सापडते. एसटीला फक्त एवढंच पक्कं करायचं असतं, की हा मुलगा या वर्षी, या कॉलेजात खरोखर शिकतोय. ओळखपत्रावरून ते कळतं, तसंच प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का असलेल्या बोनाफाईडवरूनही कळतं. शिवाय पासच्या अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का लागतोच. म्हणजे खिडकीवरच्या माणसाला हवा तो पुरावा एका सहीतून मिळू शकतो, आणि ती सही तुमच्या कॉलेजातच आहे.

तरीही या सगळ्याच्या आधी एक काम करा, पाकीट शोधा. बसमध्ये राहिलेली वस्तू कंडक्टर डेपोत जमा करतो, पण कुठल्या डेपोत हे मुलांच्या लक्षात येत नाही. जळगाव स्टँडवर उतरलात म्हणून वस्तू जळगावलाच असेल असं नाही. गाडी चोपड्याची असेल तर ती चोपड्याला परत जाते, एरंडोलची असेल तर एरंडोलला, आणि पाकीटही तिकडेच जातं. गाडीवर डेपोचं नाव लिहिलेलं असतं. ते आठवत नसेल तर स्टँडवरच्या कंट्रोलरला गाडीची वेळ आणि कुठून कुठे जात होती ते सांगा. ती गाडी कोणत्या डेपोची आणि ड्यूटी कोणाची, हे तो त्यावरून काढू शकतो. हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी करा.

नाहीच सापडलं तर पोलीस ठाणं. इथे एफआयआर नको असतो, फक्त गहाळ झाल्याची नोंद हवी असते. साध्या कागदावर अर्ज लिहा, त्याच्या दोन प्रती काढा, एक ठाण्यात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि नोंदीचा क्रमांक घेऊन या. अर्जात काय हरवलं ते एकेक करून लिहा: कॉलेजचं ओळखपत्र, त्यावरचा क्रमांक किंवा पीआरएन, एसटीचा पास आणि त्याची मुदत. पाकिटात आधार किंवा बँकेचं कार्ड असेल तर तेही त्याच अर्जात टाका, नाहीतर महिनाभराने बँक मागते तेव्हा पुन्हा ठाण्याची पायरी चढावी लागते. कोणी काढून घेताना बघितलं नसेल तर "चोरी गेलं" असं लिहू नका. चोरी म्हटली की तो गुन्हा होतो, मग जबाब आणि चौकशी आली. तुमचं पडलंय की कोणी काढलंय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर "प्रवासात गहाळ झाले" हेच खरं आहे आणि कॉलेजला तेवढंच पुरतं.

कॉलेजात दोन वेगळे अर्ज द्यायचे: एक बोनाफाईडसाठी, दुसरा दुय्यम ओळखपत्रासाठी. एकाच कागदावर दोन्ही मागितलं की तो कागद दुय्यम ओळखपत्राच्या फाइलला लागतो आणि बोनाफाईड तिथेच अडकतं. बोनाफाईडसाठी पोलिसांचा कागद लागायचं कारण नाही. तुम्ही आमच्याकडे शिकता एवढंच त्यात कॉलेज लिहून देतं, आणि तुमचं नाव रजिस्टरला आहेच. सोबत चालू वर्षाची फी भरल्याची पावती न्या. अर्ज असा लिहा:

"मी प्रथम वर्ष बी.एस्सी.चा विद्यार्थी असून माझे ओळखपत्र प्रवासात गहाळ झाले आहे. एस. टी. सवलत पास काढण्यासाठी मला छायाचित्रासह बोनाफाईड दाखला मिळावा, ही विनंती."

यातले "छायाचित्रासह" आणि "सवलत पास काढण्यासाठी" हे शब्द गाळू नका. फोटो चिकटवून त्यावर अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा कॉलेजचा गोल शिक्का मारला, की नवीन कार्ड येईपर्यंत तोच कागद ओळखीसाठी दाखवता येतो. कारण लिहिलेलं नसेल तर खिडकीवर पहिला प्रश्न त्यावरूनच निघतो.

दुय्यम ओळखपत्राच्या अर्जाला मात्र पोलिसांच्या नोंदीची प्रत, फीची पावती आणि फोटो जोडा. दुय्यम कार्डाचं शुल्क कॉलेज ठरवतं. काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र मागतात. ते मागितलं तर ते साध्या कागदावर चालेल का, हे कार्यालयात विचारल्याशिवाय तहसीलकडे जाऊ नका. पूर्वी जिथे 100 रुपयांचा स्टँपपेपर लागे तिथे ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो. बऱ्याच कॉलेजांना साध्या कागदावरचं हमीपत्र चालतं, आणि 500 रुपये विद्यार्थ्याच्या घरी काही थोडे नाहीत.

आता सह्यांचं. पासच्या अर्जावर सही प्राचार्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाची लागते. वर्गशिक्षकांची चालत नाही, विभागप्रमुखांचीही नाही. प्राचार्य रजेवर असतील तर प्रभारी प्राचार्यांची सही घ्या, पण सहीखाली "प्रभारी प्राचार्य" असा पदाचा शिक्का आहे ना ते बघा. शिक्के दोन हवेत, पदाचा आणि कॉलेजचा गोल. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते गोल शिक्का राहिल्यामुळे. सही होते, मूल घाईत निघतं आणि स्टँडवरून परत येतं. अर्जात खाडाखोड झाली असेल तर तिथेही छोटी सही करून घ्या. त्यापेक्षा नवा अर्ज भरलेला बरा.

सहीइतकंच महत्त्वाचं आहे ते "कुठून – कुठपर्यंत". इथे एका मुलाचं सांगतो. धरणगाव तालुक्यातलं गाव, रस्त्यापासून आत. तो चालत फाट्यावर यायचा आणि तिथून पाळधीमार्गे जळगावला. नवीन अर्ज भरताना त्याने "धरणगाव ते जळगाव" लिहिलं, कारण पत्त्यात तालुका धरणगाव होता. त्याचा फाटा तर धरणगावच्या बराच अलीकडे, जळगावच्या बाजूला. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, एक टप्पा 6 किलोमीटरचा, आणि पासची रक्कम त्या भाड्यावरूनच निघते. म्हणजे ज्या रस्त्यावर तो कधी बसतच नव्हता त्याचे पैसे त्याने दर महिन्याला भरले असते. त्याच्या मित्राने सुचवलं, "पाळधी ते जळगाव लिही, स्वस्त पडेल." ते तर त्याहून वाईट, कारण मग फाट्यापासून पाळधीपर्यंत तो रोज विनातिकीट ठरला असता. आम्ही अर्ज बदलला: पत्त्यात गावाचं नाव, आणि प्रवासात फाट्याचं नाव, एसटीच्या भाडेतक्त्यात जसं आहे अगदी तसं. तक्त्यातलं नाव माहीत नसेल तर जुन्या तिकिटावर बघा, तिथे चढण्या-उतरण्याचे थांबे छापलेले असतात. हे सगळं प्राचार्यांच्या सहीआधी करा. सहीनंतर थांबा बदलला की ती खाडाखोड होते.

विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा तुम्ही भरता. हरवलेल्या पासचे उरलेले दिवस नव्या पासात धरून मिळतील असं समजून चालू नका. मुदत संपायला चार-पाच दिवस राहिले असतील तर तेवढे दिवस तिकीट काढून नवीन पास पुढच्या तारखेपासून घेणं परवडतं का, ते हिशेब करून बघा. पासची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून कंडक्टरशी वाद घालू नका. मूळ पास नसेल तर तिकीट काढायचं.

तुमच्यासोबत बहीण किंवा वर्गातली कोणी मुलगी असेल तर तिचं थोडं वेगळं आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, पण शाळेची सही-शिक्का तिलाही लागतो. त्यापुढच्या मुलींचा पास हरवला, तरी नवीन मिळेपर्यंत अर्धं तिकीट चालतं, कारण 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच महिलांना 50 टक्के सवलत आहे.

आणि धरणगाव, अमळनेर किंवा पाचोरा, चाळीसगावकडून रेल्वेने येणाऱ्यांनी एसटीचा अर्ज घेऊन स्टेशनवर जाऊ नये. रेल्वेच्या विद्यार्थी पाससाठी सवलतीचा वेगळा छापील दाखला लागतो. त्याची पुस्तकं रेल्वेच कॉलेजला देते आणि प्रत्येक पानाला क्रमांक असतो. कॉलेजच्या लेटरहेडवर लिहिलेलं पत्र तिथे चालत नाही. त्यामुळे कार्यालयात पहिला प्रश्न "पुस्तक शिल्लक आहे का?" हाच विचारा. संपलं असेल तर कॉलेजला मागणीपत्र देऊन नवीन आणावं लागतं आणि त्यात दिवस जातात, तोवर एसटीचा पास काढून घ्या.

नवीन ओळखपत्र हातात आलं की त्यावरचं नाव, पीआरएन आणि वर्ष तिथेच खिडकीसमोर तपासा. दुय्यम कार्ड घाईत छापताना मागच्या वर्षाचं वर्ष राहून जातं, आणि ते परीक्षेच्या हॉलबाहेर हॉलतिकिटाशी जुळवताना लक्षात येतं. जुनं कार्ड पुढे कधी सापडलं तर ते कार्यालयात जमा करून टाका.