चुकीचं वाक्य व्हायरल झाल्यावर खुलासा कसा लिहावा?

प्रश्न: शाळेतल्या भाषणातलं माझं वाक्य मोडतोड करून फिरतंय. वाद न वाढवता खुलासा कसा लिहू?

तुम्ही खरं जे बोललात त्यानेच सुरुवात करा आणि ते खोटं वाक्य पोस्टमध्ये कुठेही लिहू नका. पुन्हा पुन्हा वाचलेलं वाक्य ओळखीचं होतं आणि खरं वाटू शकतं. म्हणून ‘मी असं म्हणालोच नाही’ ही सुरुवात उलटू शकते. समजा, फिरणाऱ्या कार्डावर ‘इंग्रजी शिकू नका’ असं छापलंय, तर एवढंच पुरे:

‘शनिवारच्या भाषणातलं माझं वाक्य असं होतं: “इंग्रजी जरूर शिका, पण घरात मराठी बोला.” फिरणाऱ्या कार्डावर ते बदलून छापलंय. पूर्ण व्हिडिओ खाली आहे, १२व्या मिनिटापासून ऐका.’

कार्ड बनवणाऱ्याला टॅग करू नका, त्याच्या पोस्टवर उत्तरही देऊ नका. त्याने त्याचीच पोस्ट आणखी लोकांना दिसते. ‘बदनामीचा कट’सारखे शब्दही गाळा, नाहीतर चर्चा वाक्याची न राहता तुमच्या रागाची होते. खुलासा पिन करा, नव्याने विचारणाऱ्याला त्याचीच लिंक द्या.

मात्र मूळ वाक्यच संदिग्ध असेल तर तसं एका ओळीत कबूल करा. व्हिडिओ नसेल तर आधी आयोजकांकडे रेकॉर्डिंग मागा.