कार्डावरचा सीव्हीव्ही: छापलेला असूनही साठवण्यास मनाई का?

प्रश्न: कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही जर गुप्त असेल तर बँक तो कार्डावरच का छापते? आणि दुकानदाराने तो नीट एन्क्रिप्ट करून ठेवला तरी तो नियमभंग का ठरतो?

मी मुंबईत व्यापाऱ्यांच्या पेमेंट प्रणाली तपासण्याचे काम करतो आणि हा प्रश्न मला दुकानांचे मालक नेहमी विचारतात. सीव्हीव्ही हा पिनसारखा गुप्त अंक नाही, अशी सुरुवात केली की पुढचा उलगडा सोपा होतो. पिन तुमच्या डोक्यात असतो आणि तुम्ही तुम्हीच आहात हे त्यावरून ठरते. सीव्हीव्हीचे काम त्याहून बरेच लहान आहे. फोनवर किंवा संकेतस्थळावर पैसे भरणाऱ्यापुढे या क्षणी ते कार्ड आहे, एवढाच पुरावा त्याने द्यायचा असतो. त्यासाठी तो कार्डावर वाचता येण्याजोगा असावा लागतो, मात्र कार्ड वापरताना जे जे ठसे मागे राहतात त्यांपैकी एकातही तो असता कामा नये.

पूर्वी दुकानात कार्ड एका साच्यात ठेवून वरून पट्टा फिरवत, तेव्हा उठावदार अक्षरांतला क्रमांक, नाव आणि मुदत कार्बनच्या चिठ्ठीवर उमटत असे. सीव्हीव्ही उठावात नसून सपाट छापलेला असल्यामुळे तो त्या चिठ्ठीवर येत नव्हता. चुंबकीय पट्टीतही तो नसतो. पट्टीत आणि चिपमध्ये त्याचे भाऊबंद म्हणता येतील असे स्वतंत्र कोड असतात, पण ते छापील कोडपेक्षा वेगळे असतात. त्यामुळे एटीएमला लावलेल्या चोरट्या यंत्राने पट्टी वाचली तरी संकेतस्थळावर लागणारे तीन अंक त्यातून मिळत नाहीत.

हे अंक येतात कुठून, ते पाहिल्यावर साठवणुकीचा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. प्रचलित पद्धतीत बँक सोळा अंकी कार्ड क्रमांक, चार अंकी मुदत आणि कार्ड कुठे व कसे वापरता येते हे सांगणारा तीन अंकी सेवा-कोड एकापुढे एक मांडते, पुढे शून्ये भरून बत्तीस जागा पूर्ण करते आणि त्याचे दोन भाग दोन गुप्त किल्ल्यांनी एन्क्रिप्शनमधून काढते. या किल्ल्या बँकेच्या बंदिस्त सुरक्षा यंत्रातच राहतात. छापील कोडसाठी सेवा-कोडच्या जागी 000 घेतात आणि पट्टीसाठी प्रत्यक्ष सेवा-कोड घेतात. दोन कोड वेगळे येतात ते याचमुळे. समजा, शेवटी यंत्रातून हे बाहेर पडले:

```
B7A40FC91E5D2386
```

यातली अक्षरे वगळून डावीकडून पहिले तीन अंक उचलायचे, म्हणजे 7, 4 आणि 0. तुमच्या कार्डामागे 740 छापले जाईल. तुम्ही संकेतस्थळावर 740 टाकले की बँक हीच आकडेमोड पुन्हा करते आणि उत्तर जुळते का ते पाहते. म्हणजे पडताळणीसाठी खुद्द बँकेलासुद्धा तो कुठे लिहून ठेवण्याची गरज नाही. क्रमांक तोच राहून नुसती मुदत बदललेले नवे कार्ड आले तरी कोड बदललेला दिसतो, त्याचेही कारण हेच.

आता दुकानदाराकडे या. बँकेने होकार किंवा नकार कळवला की त्या कोडचे काम संपले. पुढे परतावा द्यायचा असो वा ग्राहकाच्या तक्रारीवर कागदपत्रे दाखवायची असोत, कुठेही तो लागत नाही. कार्ड कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या पीसीआय डीएसएस या मानकात, ज्याची पहिली आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली, व्यवहार मंजूर झाल्यानंतर हा कोड ठेवण्यास सरळ बंदी आहे. कार्ड क्रमांक एन्क्रिप्ट करून ठेवण्याची सवलत ते मानक देते, कोडला मात्र एन्क्रिप्ट केल्यावरही देत नाही.

हा भेद अनेकांना विनाकारण कडक वाटतो, मला तो अगदी योग्य वाटतो. एन्क्रिप्ट केलेली गोष्ट पुन्हा वापरायची तर ती उघडणारी किल्ली त्याच प्रणालीच्या आवाक्यात असावी लागते, आणि आत शिरलेल्या चोराच्याही आवाक्यात ती बहुधा येते. कोडचे हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ अंक उलट काढता येत नाहीत असे रूप, करून ठेवावे म्हटले, तर तीन अंकांच्या एकूण शक्यता हजारच. त्या सगळ्या आजमावायला संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण मुख्य कारण याहून मुळातले आहे. कार्ड क्रमांकाशेजारी कोडही सापडू लागला, तर ‘समोर कार्ड आहे’ हा त्याचा अर्थच उरत नाही. एका दुकानाचा साठा फुटला की ते कार्ड सगळ्या दुकानांसाठी फुटते.

प्रत्यक्षात मुद्दाम कोड साठवणारे दुकान मला क्वचितच दिसते. तो नकळत साठतो. दादरच्या एका कापड दुकानाच्या संकेतस्थळाचा डेटाबेस अगदी स्वच्छ होता. पण पेमेंट का अडते हे शोधण्यासाठी प्रोग्रामरने पाठवलेली प्रत्येक विनंती जशीच्या तशी लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लिहिण्याची सोय चालू केली होती आणि काम झाल्यावर ती बंद करायची राहून गेली होती. असा साठा शोधताना नुसते तीन अंक शोधून भागत नाही, कारण तीन अंक पिनकोडपासून बिलाच्या रकमेपर्यंत कुठेही असतात. म्हणून आम्ही आधी तेरा ते एकोणीस अंकांच्या ओळी काढतो, अंकांचे गणित कार्ड क्रमांकासारखे जुळते का हे पाहणारी लुन तपासणी त्यांवर चालवतो आणि जे क्रमांक टिकतात त्यांच्या आजूबाजूला पाहतो. तिथे क्रमांक, मुदत आणि कोड एकाच ओळीत होते. नव्या नोंदी थांबवणे दहा मिनिटांचे काम होते. खरा वेळ गेला तो जुन्या लॉगच्या बॅकअप प्रती शोधून नष्ट करण्यात. फोनवरून ऑर्डर घेणाऱ्यांकडे हाच साठा ध्वनिमुद्रणात किंवा गल्ल्यावरच्या वहीत असतो. व्हॉट्सॲपवर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवणारे एजंट त्याच प्रकारात मोडतात. त्यांच्याकडे पेमेंट लिंक मागावी.

या कोडची मर्यादाही सांगायला हवी. हॉटेलात बिलासाठी कार्ड आत नेणाऱ्याने दोन्ही बाजू टिपून घेतल्या, तर छापील कोड काहीच वाचवू शकत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून देशातील ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कोडखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. आज ती बहुधा ओटीपीच्या रूपात भेटते. परदेशी संकेतस्थळे मात्र अनेकदा ओटीपी मागत नाहीत आणि तिथे सगळी भिस्त या तीन अंकांवर येते. परदेशी व्यवहार करायचे नसतील तर बँकेच्या ॲपमधून ते बंद ठेवलेले बरे.

1 ऑक्टोबर 2022 पासून तर भारतातील दुकानांना कार्ड क्रमांकही साठवता येत नाही. ओळखीपुरते शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव ठेवता येते, बाकी व्यवहार टोकनवर, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या जागी दिलेल्या पर्यायी कोडवर, चालतो. हे टोकन त्या दुकानापुरतेच असल्यामुळे दुसरीकडे चोरून वापरता येत नाही. त्यामुळे जतन केलेल्या कार्डावर एखादे दुकान सीव्हीव्ही न विचारता थेट ओटीपीकडे नेत असेल, तर त्याने तुमचा कोड साठवला असा अर्थ काढू नका. टोकनवरच्या व्यवहारात तो न मागण्याची मुभा कार्ड कंपन्यांनी दिलेली आहे. उलट कोडची चौकट तुमच्या जुन्या अंकांनी आधीच भरलेली दिसली, तर ते अंक तुमच्या ब्राउझरने भरले की दुकानाने, हे दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात शिरून पाहा. तिथेही ते भरलेले आले, तर बँकेला कळवा आणि कार्ड बदलून घ्या.